तलावातील मासे, दिशाक्षेत्र आणि शून्याची रेषा : माझे दोन वक्र नेमके कुठे चुकले?

मिरज_बीएस्सी

नमस्कार. मी मिरजेत राहतो आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागील आठवड्यातील चाचणीत आम्हाला एक स्वायत्त अवकल समीकरण देऊन त्याचे दिशाक्षेत्र काढायला आणि दीर्घकाळात काय होईल ते सांगायला लावले होते. गणित असे होते : एका गावतलावात y हजार मासे आहेत, t म्हणजे वर्षे, मासे नैसर्गिकपणे वाढतात आणि ठेकेदार वर्षाला ७५० मासे सतत काढत राहतो.

y' = y(1 − y/4) − 0.75

सुरुवातीला ९००, ११०० आणि ४००० मासे असतील, तर तिन्ही बाबतींत पुढे काय होईल, असा प्रश्न होता. मी आलेख कागदावर t साठी ० ते ६ आणि y साठी ० ते ४ अशी जाळी आखली, पस्तीस बिंदूंवर चढ काढून छोटे रेषाखंड ओढले आणि त्यांच्या आधाराने तीन वक्र काढले. त्यांपैकी दोन वक्रांवर लाल गोल आला, पण कारण लिहिलेले नाही.

पहिला वक्र ९०० पासून खाली येतो आणि हळूहळू सपाट होत t-अक्षाला चिकटतो. दुसरा ४००० पासून खाली येतो, साधारण चौथ्या वर्षी ३००० च्या रेषेला मिळतो आणि पुढे त्याच रेषेवरून जातो. ११०० पासून वर जाणारा तिसरा वक्र बरोबर धरला आहे, पण खरे सांगायचे तर त्याचा आकार मी अंदाजाने काढला होता. एवढ्याचसाठी पस्तीस चढ काढण्यात माझा अर्धा तास गेला, तोही योग्य गेला का, हे समजून घ्यायचे आहे.

वारणाकाठ

मी इस्लामपूरचा, शिक्षणाने अभियंता. हे गणित तीन ओळींत सुटते. उजवी बाजू शून्य धरली की y² − 4y + 3 = 0 मिळते आणि त्याचे अवयव (y − 1)(y − 3) होतात. म्हणजे १००० आणि ३००० या दोन समतोल स्थिती झाल्या. आता उजव्या बाजूचे y च्या संदर्भात विकलन केले तर 1 − y/2 येते. ते १ वर धन आहे म्हणून ती स्थिती अस्थिर, आणि ३ वर ऋण आहे म्हणून ती स्थिर. ९०० हे १००० च्या खाली असल्याने मासे संपणार, म्हणजेच उत्तर शून्याकडे जाणार. तुम्ही वक्र शून्याकडेच नेला आहे. त्यामुळे पहिल्या वक्रावर गोल का आला हे मला कळत नाही. शून्य मासे ही तर सर्वांत स्थिर स्थिती आहे, तिथून कोणी उठून येत नाही. तुम्ही गुण मागून घ्या.

माहुलीसंगम

मी साताऱ्यात पदवीच्या वर्गांना गणित शिकवत असे, आता निवृत्त आहे. वारणाकाठ यांनी दोन्ही समतोल स्थिती आणि त्यांचे स्वरूप अचूक सांगितले आहे, मात्र शून्याबद्दलचे त्यांचे विधान या समीकरणाला लागू पडत नाही, आणि पहिल्या वक्राची चूक नेमकी तीच आहे.

y च्या जागी शून्य घालून पाहा. पहिले पद नाहीसे होते आणि y' = −0.75 उरते. समतोल स्थितीत चढ शून्य असावा लागतो. इथे तर तो या जाळीतल्या सर्वांत तीव्र उतारांपैकी एक आहे. शून्याच्या रेषेवर तुम्ही स्वतः ओढलेले रेषाखंड जरा पाहा. ते आडवे नसणार, खाली झुकलेले असणार. वक्र मात्र तुम्ही आडवा केलात. म्हणजे शेवटच्या टप्प्यात तुम्ही क्षेत्राकडे न पाहता सवयीने रेघ ओढलीत. ही सवय कुठून येते तेही सांगते. मासेमारी नसलेल्या समीकरणात, म्हणजे y' = y(1 − y/4) मध्ये, शून्य ही खरोखरच समतोल स्थिती असते आणि वर्गात आपण तेच चित्र आधी शिकतो. ठेकेदार आला की सगळा आलेख ०.७५ ने खाली सरकतो. शून्यावरची समतोल स्थिती सरकून १ वर येते, ४ वरची ३ वर येते आणि शून्याची रेषा ही दिशाक्षेत्राच्या दृष्टीने इतर रेषांसारखीच एक रेषा होते.

आता पस्तीस चढांविषयी. उजव्या बाजूला t कुठेच नाही. याचा अर्थ असा की एखाद्या आडव्या ओळीतले सगळे रेषाखंड परस्परांना समांतर असतात. दुसऱ्या वर्षी दोन हजार मासे असोत की पाचव्या वर्षी, त्या क्षणी त्यांची वाढ तेवढीच असते. म्हणून एकच उभा स्तंभ काढायचा आणि तोच उजवीकडे उतरवत जायचा. या गणिताचा स्तंभ असा येतो : y शून्य असताना चढ −०.७५, अर्ध्यावर सुमारे −०.३१, १ वर शून्य, दीडवर +०.१९, २ वर +०.२५, अडीचवर पुन्हा +०.१९, ३ वर शून्य, साडेतीनवर −०.३१ आणि ४ वर −०.७५. नऊ आकडे, पाच मिनिटांचे काम. शिवाय २ च्या वर आणि खाली सारख्या अंतरावर तेच आकडे येतात, कारण उजवी बाजू हा २ भोवती सममित असलेला अन्वस्त आहे. तुमच्या जाळीत हे आकडे जुळतात का ते तपासा, म्हणजे बेरीज-वजाबाकीत कुठे चूक असेल तर तिथेच सापडेल.

याच गुणधर्माचा दुसरा उपयोग असा की एक वक्र नीट काढला की तो डावीकडे-उजवीकडे सरकवून त्या पट्ट्यातले बाकी सगळे वक्र मिळतात. १००० आणि ३००० च्या मधल्या पट्ट्यात खरे तर एकच वक्र आहे. ११०० पासून निघालेला आणि १५०० पासून निघालेला हे त्याचेच पुढेमागे सरकवलेले तुकडे आहेत.

मिरज_बीएस्सी

मॅडम, मनापासून आभार. शून्याच्या रेषेवरचे माझे रेषाखंड खरोखरच खाली झुकलेले आहेत. ते मीच काढले आणि मीच त्यांच्याकडे दुर्लक्ष केले.

मग ९०० वाला वक्र शून्याला छेदून खाली जातो का? मासे उणे कसे होतील? आणि तो किती दिवसांत शून्यावर पोचतो, हे दिशाक्षेत्रावरून सांगता येते की त्यासाठी समीकरण सोडवावेच लागते?

माहुलीसंगम

आकार क्षेत्रावरून कळतो, नेमका काळ कळत नाही. आधी आकार पाहू. ९०० वर चढ जेमतेम −०.०५ आहे, म्हणजे वर्षाला साधारण पन्नास मासे घटतात. जसे खाली यावे तसा उतार वाढत जातो आणि शून्याशी तो वर्षाला ७५० इतका होतो. म्हणून वक्र सुरुवातीला जवळजवळ आडवा आणि पुढे कोसळत जाणारा यायला हवा. तुम्ही नेमका उलटा काढलात, आधी तीव्र आणि मग सपाट. लाल गोलाचे खरे कारण हे आहे.

हे समीकरण चल वेगळे करून सहज सुटते. (y − 3)/(y − 1) हे गुणोत्तर e^(−t/2) या प्रमाणात घटत जाते. ९०० साठी ते सुरुवातीला २१ असते आणि शून्य मासे असताना ३ असते. २१ चे ३ व्हायला लागणारा काळ 2 ln 7 म्हणजे सुमारे ३.८९ वर्षे. पण मला तुम्हाला मधले टप्पे दाखवायचे आहेत. दोन वर्षांनी तलावात सुमारे ७०० मासे असतात, तीन वर्षांनी ४५७ आणि चौथे वर्ष पुरे होण्याआधी एकही नाही. पहिल्या दोन वर्षांत दोनशे गेले आणि शेवटच्या अकरा महिन्यांत साडेचारशेहून अधिक. तलावावर उभ्या असलेल्या माणसाला पहिली दोन वर्षे काहीच बिघडलेले दिसणार नाही.

समीकरणापुरते बोलायचे तर वक्र शून्य ओलांडून खालीही जातो आणि सुमारे ६.०९ वर्षांशी तो उणे अनंताकडे निघून जातो. तलावात तसे काही होत नाही, कारण मासेच नसतील तर ठेकेदार ७५० काढणार कुठून? शून्याला वक्र टेकला की तिथे समीकरणाचा अंमल संपतो. उत्तरपत्रिकेत वक्र t-अक्षाला तिरपा टेकवून तिथेच थांबवावा आणि शेजारी एक वाक्य लिहावे.

जतचे_शेततळे

मी शेतकरी आहे, गणिताचा माणूस नाही, परंतु माशांचा विषय दिसला म्हणून वाचत बसलो आणि मला एक गोष्ट पटली नाही. माझ्या शेततळ्यात मी रोहू, कटला आणि मृगळ सोडतो. हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहते पाणी लागते. त्यामुळे दरवेळी बोटुकली विकत आणून सोडावी लागते आणि काढलेला मासा तळ्यात आपोआप भरून येत नाही. तुमच्या हिशेबात मासे स्वतःच वाढतात आणि ११०० चे ३००० होतात. माझ्या तळ्यात ११०० सोडले तर वर्षाअखेरीस ११०० सुद्धा राहत नाहीत, काही मरतात, काही पक्षी नेतात. मग हे समीकरण कुठल्या तळ्याचे आहे?

माहुलीसंगम

दादा, तुमची हरकत रास्त आहे, आणि ती या गणिताच्या मुळाशी जाते. y(1 − y/4) या पदात गृहीत धरले आहे की मासे थोडे असताना जितके मासे तितकी नवी वाढ होते. ते जिथे पैदास होते तिथेच खरे. तुमच्या तळ्यात पैदास नाही, मृत्यू आहेत आणि मधूनमधून बाहेरून भर आहे, म्हणून तुमचे समीकरण साधारण y' = −my + s अशा रूपाचे होईल; m हा मरतुकीचा दर आणि s ही बोटुकलीची भर, तीही वर्षभर थोडीथोडी सोडली असे मानून. त्याचे दिशाक्षेत्र अगदी साधे आहे. s/m ही एकच समतोल स्थिती येते, तिच्या वर सगळे रेषाखंड खाली झुकतात, खालचे वर चढतात, आणि सुरुवात कुठूनही केली तरी तळे तिकडेच जाते. बुडण्याचा उंबरठा तिथे नाहीच.

या मुलाचे समीकरण चिलापीला बरेच जवळचे आहे, कारण ती साचलेल्या पाण्यातही झपाट्याने वाढते. गणितात नुसते 'मासे' लिहिले जाते आणि कोणता मासा हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारलेत, हे चांगले झाले.

जतचे_शेततळे

चिलापीचे खरे आहे. एकदा चुकून तळ्यात शिरली की काढून काढून थकतो. मग तुमचे चित्र मला पटते.

कराड_पाणीवाला

दुसऱ्या वक्राबद्दल अजून कोणी बोलले नाही. मुलाने तो ३००० च्या रेषेला चौथ्या वर्षी मिळवला, त्यात चूक काय आहे? समतोल स्थितीला वस्तू पोचते आणि थांबते, हे आपण रोज पाहतो. माझ्याकडे इमारतींच्या पाण्याच्या टाक्यांचे काम असते. तळाची तोटी उघडली की टाकी रिकामी होते, पाण्याची पातळी शून्यावर येते आणि तिथेच राहते. दीड मीटरची टाकी तासाभरात रिकामी होते, अनंतकाळ लागत नाही. तीही स्वायत्त यंत्रणाच आहे ना?

वारणाकाठ

कराडकर, वक्र समतोल रेषेला कधीच स्पर्श करू शकत नाही, असा नियमच आहे. ३००० ही रेषा स्वतः एक उत्तर आहे आणि दोन उत्तरे एकमेकांना भेटत नाहीत. टाकीच्या बाबतीत प्रत्यक्षात शेवटचे थेंब टपकत राहतात, म्हणून तेही खरे तर अनंतकाळ चालते.

माहुलीसंगम

वारणाकाठ, माशांच्या बाबतीत तुमचा नियम बरोबर आहे, टाकीच्या बाबतीत नाही, आणि थेंबांचे कारण तर मुळीच नाही. हा नियम कधी लागू होतो ते पाहावे लागते.

टाकीतून पाणी बाहेर पडण्याचा वेग पातळीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो; टॉरिचेल्लीचा हा नियम सतराव्या शतकापासून माहीत आहे. म्हणून पातळी x साठी x' = −k√x असे समीकरण येते. त्याचीही शून्य ही समतोल स्थिती आहे, पण शून्याशी वर्गमूळाचा आलेख उभाच्या उभा असतो. पातळी कमी होताना वेगही कमी होतो हे खरे, मात्र तो पुरेसा कमी होत नाही. पातळी चौथाई झाली तरी वेग निम्माच होतो. हिशेब केला तर टाकी 2√x₀/k एवढ्या काळात पूर्ण रिकामी होते. उंची १.४४ मीटर असेल आणि मीटर व मिनिट या एककांत k ०.०४ असेल तर बरोबर ६० मिनिटे. कराडकरांचा तास खरा आहे.

यातून एक गमतीची गोष्ट निघते. रिकामी टाकी पाहून ती दहा मिनिटांपूर्वी रिकामी झाली की काल, हे सांगता येत नाही, कारण शून्याच्या रेषेला वेगवेगळ्या वेळी येऊन मिळणारे असंख्य वक्र आहेत. तिथे उत्तरे भेटतात.

माशांच्या समीकरणात उजवी बाजू साधी वर्गपदी आहे, तिचा आलेख कुठेही उभा होत नाही. ३००० च्या जवळ आल्यावर अंतर निम्मे झाले की वेगही जवळजवळ निम्मा होतो, म्हणून अंतर निम्मे व्हायला दरवेळी सारखाच काळ लागतो, इथे सुमारे १.३९ वर्षे. ४००० पासून निघालेला वक्र चौथ्या वर्षी ३०९४ वर असतो आणि आठव्या वर्षी ३०१२ वर. आठव्या वर्षीचा फरक पेन्सिलीच्या जाडीतच लपतो हे मला मान्य आहे, तरी चौथ्या वर्षी शंभराच्या आसपास मासे जास्त आहेत आणि तेवढे अंतर कागदावर सहज दाखवता येते. वक्र रेषेच्या वरच राहू द्यावा आणि दोघांमधली फट निमुळती होत जाताना दिसावी.

कराड_पाणीवाला

समजले. म्हणजे 'पोचतो की नाही' हे उजवी बाजू शून्याशी कशी वागते यावर ठरते. ही गोष्ट मला आजवर कोणी अशी सांगितली नव्हती.

विश्रामबागकर

मी सांगलीतच संगणकाचे काम करतो. हाताने काढलेले चित्र तपासण्यासाठी खालचा छोटा कार्यक्रम वापरता येईल.

```python
import numpy as np
import matplotlib.pyplot as plt

t, y = np.meshgrid(np.linspace(0, 12, 25),
                   np.linspace(0, 4.5, 19))
s = y*(1 - y/4) - 0.75
n = np.hypot(1, s)
plt.quiver(t, y, 1/n, s/n, angles='xy', pivot='mid')
plt.show()
```

यातला `angles='xy'` हा भाग गाळू नका. तो नसेल तर बाणाचा कोन पडद्याच्या मापाने ठरतो, अक्षांच्या मापाने नव्हे. इथे आडव्या अक्षावर बारा वर्षे आणि उभ्या अक्षावर साडेचार हजार मासे असल्याने दोन्ही मापे वेगळी आहेत, आणि मग बाण एक दिशा दाखवतात व त्यांच्यावर काढलेला खरा वक्र दुसरीकडे जातो. मी स्वतः एकदा दोन दिवस समीकरणात चूक शोधत होतो, चूक फक्त या एका शब्दात होती. ओळखायची खूण अशी की वक्र बाणांना स्पर्शून न जाता त्यांना कापत जातो.

मिरज_बीएस्सी

हे वाचून मी माझा कागद पुन्हा पाहिला. मी आडवे एक वर्ष एक सेंटिमीटर आणि उभे एक हजार मासे दोन सेंटिमीटर घेतले होते, पण रेषाखंड ओढताना चढ −०.७५ म्हणजे 'पंचेचाळीस अंशांपेक्षा थोडा कमी' असे मनात धरले. माझ्या मापात एक सेंटिमीटर उजवीकडे गेल्यावर दीड सेंटिमीटर खाली जायला हवे होते. म्हणजे माझे सगळेच रेषाखंड हवे त्यापेक्षा चपटे होते.

माहुलीसंगम

हे तुमचे तुम्ही शोधलेत, फार छान. आणि ११०० वाल्या वक्राचा आकार तुम्ही अंदाजाने काढल्याचे म्हणाला होता, तोही आता स्तंभावरून वाचा. १ पासून २ पर्यंत चढ वाढतो, २ पासून ३ पर्यंत घटतो. म्हणून वक्र २००० मासे होईपर्यंत वर उचलला जातो आणि त्यानंतर वाकून ३००० कडे सपाट होत जातो. वळण बदलण्याची जागा अन्वस्ताच्या शिखरावरच येते. ११०० पासून तिथे पोचायला सुमारे ५.९ वर्षे लागतात. तुमचा आलेख सहाव्या वर्षीच संपतो, म्हणजे वक्राचा वरचा अर्धा भाग कागदावर येतच नाही. २९०० व्हायला तर जवळजवळ बारा वर्षे लागतात. t चा पट्टा किती घ्यावा, याचा विचार समतोल स्थितींच्या जवळचा चढ पाहून आधीच करावा.

वारणाकाठ

मॅडम, शून्य आणि टाकी या दोन्ही बाबतींत माझे चुकले हे मान्य करतो. आता एक प्रश्न. ठेका ७५० वरून १००० केला तर y' = −(y − 2)²/4 होते. २ ही एकच समतोल स्थिती येते आणि तिथे विकलनही शून्य येते. मी शिकलो होतो त्याप्रमाणे अशा ठिकाणी समतोल स्थिती तटस्थ असते, म्हणजे मासे जिथे असतील तिथेच राहतात. हे बरोबर आहे का?

माहुलीसंगम

नाही. विकलन शून्य आले तर ती कसोटी काहीच सांगत नाही एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी पुन्हा उजव्या बाजूच्या चिन्हाकडे जावे. इथे २ च्या वरही चढ ऋण आहे आणि खालीही ऋण आहे. ४००० मासे असतील तर ते घटत घटत २००० कडे येतात. २००० च्या खाली एकदा गेले की परत येत नाहीत, शून्यापर्यंत जातात. वरून स्थिर आणि खालून अस्थिर, अशी ती अर्धस्थिर अवस्था आहे. १९०० पासून सुरुवात केली तर तलाव संपायला ३८ वर्षे लागतात, म्हणून पाहणाऱ्याला ते तटस्थ वाटेल.

याहून फसवे चित्र ठेका १०५० केल्यावर येते. आता चढ −(y − 2)²/4 − 0.05 असा होतो आणि तो कुठेही शून्य होत नाही, म्हणजे समतोल स्थिती एकही उरत नाही. तरीही २००० च्या आसपास उतार वर्षाला फक्त पन्नास माशांचा आहे. ४००० पासून निघालेला वक्र वेगाने खाली येतो, २००० पाशी येऊन जवळजवळ आडवा होतो, तिथे रेंगाळतो आणि नंतर कोसळतो. मी हिशेब केला : ४००० पासून शून्यापर्यंत एकूण सुमारे २४ वर्षे लागतात आणि त्यातली नऊ वर्षे वक्र २२५० ते १७५० या अरुंद पट्ट्यात काढतो. दहा-बारा वर्षांचे दिशाक्षेत्र काढले तर कोणीही शपथेवर सांगेल की तलाव २००० पाशी स्थिरावला. डोळ्याला जो रेषाखंड आडवा दिसतो तो खरोखर आडवा आहे की नाही, हे उजव्या बाजूत आकडा घालूनच ठरवावे लागते. म्हणून मी विद्यार्थ्यांना दिशाक्षेत्राच्या शेजारी उजव्या बाजूचा अन्वस्तही काढायला लावत असे. तो क्षितिजरेषेला दोनदा छेदतो, नुसता टेकतो की तिच्या खालीच राहतो, हे एका नजरेत दिसते.

जतचे_शेततळे

मॅडम, शेवटचे विचारतो. आमच्याकडच्या पाझर तलावात पावसाळ्यानंतर जे पाणी असते ते मे महिन्यात राहत नाही, काही वर्षी तळ उघडा पडतो. तलावात किती मासे मावतील हा तुमचा ४ चा आकडा दर महिन्याला बदलणार. मग तो १००० चा उंबरठा कायम राहतो का?

माहुलीसंगम

राहत नाही, दादा. ४ च्या जागी काळाबरोबर बदलणारा आकडा आला की समीकरण स्वायत्त राहत नाही, एका ओळीतले रेषाखंड समांतर राहत नाहीत, आणि एक स्तंभ काढून तो सरकवण्याची सगळी सोय संपते. प्रत्येक महिन्याचा स्तंभ वेगळा काढावा लागतो. पाणी दरवर्षी त्याच क्रमाने वरखाली होत असेल, तर स्थिर रेषांच्या जागी वर्षागणिक तेच रूप घेणारे वक्र मिळण्याची शक्यता असते आणि खालचा वक्र उंबरठ्याचे काम करतो. तुमच्याकडे मात्र पाऊस दरवर्षी सारखा नसतो, आणि तळ उघडा पडणारे एक वर्षही सगळा हिशेब मोडू शकते. अशा तलावासाठी सुरक्षित ठेका किती, हे मी या समीकरणावरून सांगणार नाही.

विश्रामबागकर

ठेका ठरावीक संख्येऐवजी तलावात असतील त्यांच्या ठरावीक हिश्शाने दिला तर? मग y' = y(1 − y/4) − Ey असे होईल, E एकापेक्षा कमी असेल तोवर शून्य ही अस्थिर आणि 4(1 − E) ही स्थिर स्थिती येते, मधला उंबरठा नाहीसा होतो.

वारणाकाठ

कागदावर हे उत्तम आहे, पण कोणताही ठेकेदार मासे कमी आहेत म्हणून आपणहून कमी काढेल असे मला वाटत नाही. त्याने भरलेली रक्कम ठरलेली असते.

जतचे_शेततळे

जाळ्यात कमी आले की तो आपोआपच कमी काढतो, इच्छा असो वा नसो. तेव्हा विश्रामबागकरांचे अगदीच चूक नाही.

मिरज_बीएस्सी

मी काल रात्री नवीन कागद घेऊन चित्र पुन्हा काढले. t बारा वर्षांपर्यंत घेतला, नऊ चढांचा एकच स्तंभ काढून तो उतरवत गेलो आणि डाव्या कडेला उजव्या बाजूचा अन्वस्त आडवा करून काढला, म्हणजे त्याची दोन छेदबिंदूंची जागा आणि १००० व ३००० च्या रेषा समोरासमोर आल्या. ९०० वाला वक्र चौथ्या वर्षाच्या किंचित आधी t-अक्षाला तिरपा टेकवून थांबवला. ४००० वाला ३००० च्या वर ठेवला आहे. दहाव्या वर्षाच्या पुढे मात्र फट दाखवायला पेन्सिलीला टोक पुरले नाही, तिथे मी शेजारी '३००० पेक्षा चार-पाच मासे जास्त' असे लिहून ठेवले आहे.